वरून गळतंय, पण तक्रार कोणाच्या नावे? मालक, सोसायटी, बिल्डर, एजंट की मुखत्यार

बाथरूमच्या छताला ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि तक्रार करायला गेलं की माणसाला नुसतं फिरवलं जातं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, हा दोन सभासदांमधला प्रश्न आहे. वरच्या फ्लॅटमधले भाडेकरू म्हणतात, मालकांशी बोला. मालक परदेशात असतात, आणि त्यांचं इथलं काम बघणारे नातेवाईक म्हणतात की मी फक्त सह्या करतो. भाडेकरू आणून देणारा एजंट फोन घेत नाही. बिल्डरच्या ऑफिसात उत्तर मिळतं की बिल्डिंग आता सोसायटीच्या ताब्यात आहे. यात महिने जातात. छताचं नुकसान वाढतंच, शिवाय बिल्डरकडे फुकट दुरुस्ती मागण्याची मुदतही गुपचूप संपत जाते.

बहुतेक तक्रारी फोन कोण उचलतं त्यावरून पाठवल्या जातात. तक्रार जायला हवी ती बिघडलेला भाग नीट ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्या नावे. मुखत्यार आणि एजंट हे त्या माणसापर्यंत पोचण्याचे रस्ते आहेत. क्वचित प्रसंग सोडले तर ते स्वतः जबाबदार नसतात. खरा निवाडा मालक, सोसायटी आणि बिल्डर या तिघांत करायचा असतो, आणि त्यासाठी आधी पाणी कुठून येतं ते कळावं लागतं.

समजण्यासाठी एक प्रकरण घेऊ. ठाण्यात घोडबंदर रोडवरची बारा मजली इमारत. फ्लॅटचे ताबे मार्च २०२१ मध्ये मिळाले, सोसायटी नोंदवून झाली, पण जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, अजून व्हायचं आहे. ६०२ मधल्या कुटुंबाच्या बाथरूमच्या छतातून ऑक्टोबर २०२५ पासून पाणी ठिबकतंय. वर ७०२. तिथले मालक मस्कतला, मुखत्यारपत्र त्यांच्या साडूंकडे, फ्लॅट भाड्याने, आणि करार एका एजंटने करून दिलेला. वर सांगितलेली पाचही माणसं इथे हजर आहेत.

आधी पाण्याचा माग

पत्र लिहिण्यापूर्वी एक-दोन दिवस चाचणीला द्यावेत. ही चाचणी केली नाही तर प्रत्येक जण "आमच्याकडून नाही" म्हणून मोकळा होतो.

पहिली चाचणी वेळेची. ७०२ मध्ये सगळे नळ बंद ठेवायचे, पण डक्टमधला व्हॉल्व्ह चालू ठेवायचा. रात्रभर कोणी पाणी वापरलं नाही तरी ठिबक सारखीच राहिली, तर संशय दाबाच्या पाइपवर, म्हणजे टाकीतून येणाऱ्या लाइनवर. मग व्हॉल्व्ह बंद करून बघायचं. काही तासांत ठिबक मंदावली तर संशय पक्का होतो. ठिबक फक्त आंघोळीनंतर वाढत असेल तर दोष निचऱ्याकडे किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगकडे. आणि ओल पावसाळ्यातच दिसत असेल, तीही बाहेरच्या भिंतीला लागून, तर मामला बाहेरच्या प्लास्टरचा किंवा डक्टमधल्या पाइपचा.

दुसरी चाचणी रंगीत पाण्याची. वरच्या बाथरूममधली जाळी घट्ट बंद करायची, खायचा रंग घातलेलं दोनेक इंच पाणी फरशीवर साठवायचं आणि निदान २४ तास ठेवायचं. खाली तोच रंग उतरला की वाद संपतो. पाणी ओतण्याआधी आणि नंतर दोन्ही घरांत, दोन्हीकडची माणसं हजर असताना, तारखेसह फोटो काढावेत. सोसायटीच्या समितीतला कोणी साक्षीला असेल तर फार उपयोग होतो.

एक गोष्ट इथे नेहमी फसवते. बाथरूमखालचा खोलगट स्लॅब विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो, आणि तो भराव पाणी धरून ठेवतो. त्यामुळे वरचा वापर बंद केल्यावरही खाली कित्येक दिवस ठिबकत राहू शकतं. तेवढ्यावरून "बघा, आम्ही वापरत नाही तरी गळतंय, म्हणजे आमचं नाही" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. म्हणूनच रंग वापरायचा.

पाइप कुठे आहे त्यावरून ती कोणाची हे ठरत नाही. अनेक इमारतींत वरच्या बाथरूमची आडवी पाइप खालच्या घराच्या छताला, फॉल्स सीलिंगच्या आत लटकलेली असते. ती तुमच्या घरात दिसते, पण तिच्यातून वाहतं ते वरच्या घराचं पाणी, त्यामुळे ती वरच्या फ्लॅटचीच. डक्टमधली उभी पाइप, जिला सगळ्या मजल्यांचे फाटे जोडलेले असतात, ती सामाईक, म्हणजे सोसायटीची.

आपल्या प्रकरणात उभी पाइप कोरडी निघाली. ७०२ च्या फरशीवरचं रंगीत पाणी रात्रीतून खाली उतरलं. दोष फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याच्या, सांध्यात. आता प्रश्न उरला तो कागदांचा.

सोसायटी कधी

आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, दुरुस्तीची विभागणी स्पष्ट आहे. बाहेरच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन, टाक्या, पंप, गच्ची, संरचनात्मक दुरुस्त्या, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपमधून होणारी गळती आणि गच्चीतल्या गळतीमुळे सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, हे सगळं सोसायटीने तिच्या खर्चाने करायचं. या यादीत नसलेल्या दुरुस्त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायच्या. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत मागून हे प्रकरण स्वतः वाचा.

म्हणजे उभी पाइप गळत असती तर पत्र थेट "मा. सचिव" यांच्या नावे गेलं असतं आणि ७०२ चा त्यात संबंधच आला नसता. फरशीखालून गळत असेल तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीवर येत नाही. तरीही सोसायटीला प्रत द्यावी, कारण वरच्या घरात शिरून पाहणी करायला तिची मदत लागते, आणि पुढे वाद गेलाच तर तिचं लेखी मत कामाला येतं. लेखी तक्रार आल्यावर समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन पंधरा दिवसांत कळवावं, अशी उपविधींची अपेक्षा आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज म्हणजे तक्रार नव्हे. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यावी.

सोसायटीने दाद दिली नाही तर लोक सवयीने उपनिबंधकांच्या ऑफिसात जातात. तिथे एक हेलपाटा हमखास वाया जातो. शेअर सर्टिफिकेट न देणं, सभासदत्व नाकारणं, कागदपत्रं न दाखवणं हे विषय उपनिबंधकांकडचे. दुरुस्ती आणि गळतीचे वाद, सभासद-सभासदांतले असोत की सभासद-सोसायटीतले, उपविधींच्या यादीप्रमाणे सहकार न्यायालयाकडे जातात, आणि त्याचा आधार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ९१.

बिल्डर कधी, आणि नेमका कोण

बांधकाम प्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्याचं कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत तो जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. वॉटरप्रूफिंग फसणं हा कामाच्या दर्जातला दोष. मार्च २०२१ चा ताबा, म्हणजे मुदत मार्च २०२६ पर्यंत. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली गळती या मुदतीत बसते.

इथे बारकाईने बघायचं ते हे, की दोष पाच वर्षांत "लक्षात आणून द्यायचा" आहे. तुम्ही सोसायटीला सांगितलंत, साडूंना सांगितलंत, एजंटला सांगितलंत, यातलं काहीही बिल्डरच्या लक्षात आणून देणं होत नाही. म्हणून ताबा मिळून चार वर्षं उलटली असतील तर चाचणीचा निकाल येण्याची वाटही बघू नका. "गळती होत आहे, कारण तपासत आहोत, कलम १४(३) खाली कळवत आहोत" असं एक पत्र बिल्डरला लगेच रवाना करा. घर दुसऱ्याकडून विकत घेतलं असेल तर घड्याळ मूळ ताब्यापासून धरा, आणि दोन फ्लॅटच्या ताब्यांच्या तारखा वेगळ्या असतील तर आधीची तारीख धरून चाला.

बिल्डर इथे दोन प्रश्न विचारतो. वरच्यांनी फरशी किंवा फिटिंग बदलली का? बदलली असेल तर तो हात झटकतो आणि बहुतेकदा त्याचं म्हणणं टिकतं. मग जबाबदारी ७०२ च्या मालकांवर येते. दुसरा प्रश्न, तक्रार कोण करतंय? दोषाची जागा ७०२ मध्ये आणि नुकसान ६०२ मध्ये, म्हणून शक्य असेल तर पत्र दोघांच्या सह्यांनी जावं. वरच्या मालकांचा यात फायदाच आहे, कारण बिल्डरने केलं नाही तर खर्च त्यांच्या अंगावर येणार. भांडणाच्या भरात हे त्यांना सांगायचं राहून जातं.

आता पत्रावर नाव कोणाचं. जाहिरातीत, गेटवर आणि कॅलेंडरवर असतं ते समूहाचं नाव. विक्री करार मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच कंपनीशी, भागीदारी फर्मशी किंवा एलएलपीशी झालेला असतो. समूहाच्या नावे गेलेल्या पत्रावर "आमचा या प्रकल्पाशी करार नाही" असं उत्तर देता येतं. म्हणून विक्री कराराचं पहिलं पान काढा आणि "प्रवर्तक" म्हणून जे नाव व पत्ता आहे तो जसाच्या तसा उतरवा. maharera.maharashtra.gov.in वर प्रकल्प शोधला की तिथेही प्रवर्तकाचं नाव दिसतं. जमीनमालक सहप्रवर्तक म्हणून नोंदलेला असेल तर त्याचंही नाव पत्रात घाला. जमीनमालकाच्या वतीने बिल्डरनेच मुखत्यार म्हणून करारावर सही केली आहे का, हे करारातच कळेल.

अभिहस्तांतरण झालं नाही, जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे, म्हणून सगळ्याच दुरुस्त्या त्याच्याकडे, हा समज चुकीचा आहे. देखभाल सोसायटीने हातात घेतली की सामाईक भागांची रोजची दुरुस्ती तिची. देखभाल अजून हस्तांतरित झालेली नसेल तर रेराच्या कलम ११ प्रमाणे आवश्यक सेवा चालू ठेवण्याची जबाबदारी प्रवर्तकाची राहते, आणि मग उभ्या पाइपची तक्रारही त्याच्याच नावे जाते.

रेरा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्याआधीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींना महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी लागली नाही. त्यांना लागू होणाऱ्या १९६३ च्या मोफा कायद्यात दोष दाखवण्याची मुदत ताब्यापासून तीन वर्षांची होती. अशा जुन्या इमारतीत गळतीसाठी बिल्डरमागे धावण्यात अर्थ नाही.

मालक, आणि त्यांच्या वतीने बोलणारे मुखत्यार

७०२ चे मालक कोण हे भाडेकरूच्या तोंडून ठरवू नका. सोसायटीच्या सभासद नोंदवहीतलं नाव आणि नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात मिळणारा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, दोन्ही बघा. बऱ्याचदा फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. मग पत्रही दोघांच्या नावे.

साडू म्हणतात, मी फक्त सह्या करतो. त्यांना दोष देऊ नये, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे मालकाच्या वतीने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी एरवी प्रतिनिधीवर वैयक्तिक येत नाही. पण कलम २२९ तुमच्या बाजूने आहे: प्रतिनिधी मालकाचं जे काम बघतो त्या कामाच्या ओघात त्याला दिलेली नोटीस ही मालकालाच दिल्यासारखी असते. म्हणून मुखत्यारपत्राची प्रत मागा आणि अधिकारांचा परिच्छेद वाचा. "देखभाल करणे, सोसायटीशी व्यवहार करणे, नोटिसा स्वीकारणे" असे शब्द असतील तर साडूंना दिलेलं पत्र मस्कतला पोचलं असं धरता येतं. फक्त भाडेकरारावर सही करण्यापुरतं मुखत्यारपत्र असेल तर ते धरता येणार नाही. शंका असो वा नसो, सोसायटीकडे नोंदलेल्या मालकांच्या ईमेलवर प्रत पाठवावीच.

पत्ता असा लिहायचा:

> प्रति,
> (मालकांचं पूर्ण नाव), मालक, फ्लॅट क्र. ७०२
> यांच्या वतीने मुखत्यार (मुखत्यारांचं नाव), मुखत्यारपत्र दि. ……
>
> विषय: फ्लॅट क्र. ७०२ च्या बाथरूमच्या फरशीतून फ्लॅट क्र. ६०२ मध्ये होणारी गळती
>
> दि. …… रोजी दोन्ही कुटुंबं आणि समिती सदस्यांसमक्ष घेतलेल्या रंगीत पाण्याच्या चाचणीत पाणी वरील ठिकाणाहून येत असल्याचं दिसलं. फोटो सोबत जोडले आहेत. प्रवर्तकांना रेराच्या कलम १४(३) खाली वेगळं पत्र दिलं आहे. त्यांच्या माणसांना पाहणीसाठी व दुरुस्तीसाठी प्रवेश द्यावा, तसेच फ्लॅटमध्ये फरशी किंवा प्लंबिंगचे बदल केले असल्यास ते लेखी कळवावेत.
>
> प्रत: मा. सचिव, …… सहकारी गृहनिर्माण संस्था

पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. मालकांकडे फक्त प्रवेश आणि माहिती मागितली आहे, पैसे नाहीत. दोष मुदतीतला असल्यामुळे दुरुस्तीचं मुख्य पत्र प्रवर्तकाकडे जातं. ३० दिवस उलटूनही काम झालं नाही तर त्याच पत्राच्या आधारे महारेराकडे तक्रार करता येते, तिचं शुल्क ५,००० रुपये. ७०२ च्या मालकांविरुद्ध किंवा सोसायटीविरुद्ध दुरुस्तीची तक्रार मात्र महारेराकडे चालत नाही.

एजंट कधी

भाडेकरू आणून देणाऱ्या एजंटचं काम करार नोंदवल्यावर संपतं. गळतीचं पत्र त्याच्या नावे पाठवू नका. मालकांचा चालू फोन नंबर किंवा ईमेल मिळवण्यापुरता त्याचा उपयोग. घर विकताना एजंटने खोटी माहिती दिली असेल, म्हणजे नसलेलं पार्किंग किंवा मंजुरी नसलेली सोय सांगितली असेल, तर गोष्ट वेगळी. रेरा खाली नोंदणीकृत एजंटविरुद्ध महारेराकडे तक्रार करता येते. पण ती तक्रार त्याच्या बोलण्याबद्दलची, पाइपबद्दलची नव्हे.

तुम्ही स्वतः ६०२ मध्ये भाड्याने राहत असाल तर तुमचं पत्र तुमच्या घरमालकांना जातं. सोसायटीकडे आणि प्रवर्तकाकडे दाद त्यांनी मागायची. तुम्ही फोटो आणि तारखा द्या.

मुखत्यारपत्रात घोळ निघाला तर

दोन प्रसंग येतात. वर राहणारे म्हणतात, "आम्ही हा फ्लॅट मुखत्यारपत्रावर विकत घेतलाय." काही वर्षं विक्रीला बंदी असलेल्या पुनर्वसनाच्या घरांत असे व्यवहार सर्रास होतात. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केलं की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. मग पत्र नोंदवहीतल्या मालकाच्या नावे लिहा आणि प्रत्यक्ष राहणाऱ्यांचं नाव "ताबेदार" म्हणून त्याखाली घाला. एकालाच लिहिलं तर दुसरा बाजूला होतो.

दुसरा प्रसंग मालकांच्या निधनाचा. मुखत्यार तेच, सह्याही चालूच, पण मालक वारले की साधं मुखत्यारपत्र संपतं. मुखत्यारांचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत असेल तरच करार कायद्याच्या कलम २०२ चा अपवाद लागू होतो. अशा वेळी साडूंना दिलेली नोटीस कोणालाच पोचलेली नसते. सोसायटीकडे नामनिर्देशन कोणाचं आहे ते विचारा आणि पत्र "कै. …… यांचे कायदेशीर वारस" असं लिहून नामनिर्देशित व्यक्तीचं व माहीत असलेल्या वारसांचं नाव त्यात घाला. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, पण सोसायटी तिच्याशी पत्रव्यवहार करते, आणि बाथरूमचं दार उघडून घ्यायला सुरुवातीला तेवढं पुरतं.